प्रदर्शनाआधीचे आठ आठवडे : घडतं चित्र किती दाखवावं?

*"मी नाशिकला राहते, तैलरंगात काम करते. गोदाकाठावरच्या २२ चित्रांचं माझं प्रदर्शन आठ आठवड्यांनी मुंबईत जहांगीरला आहे. पंधरा चित्रं पूर्ण झालीत, सात अर्धी आहेत. इन्स्टाग्रामवर अर्धवट चित्रांचे फोटो टाकते. लाईक भरपूर येतात, 'वा', 'अप्रतिम' येतं, पण किंमत कुणी विचारत नाही. मैत्रीण म्हणते, सगळं आधीच दाखवलंस तर गॅलरीत येणार कोण? काय दाखवू, किती दाखवू आणि कुठे थांबू?"*
*— एक वाचक, नाशिक*

सात अर्ध्या चित्रांपैकी तीन निवडा आणि पुढचे पाच-सहा आठवडे फक्त त्या तिघांबद्दलच लिहा. दर वेळी नवं चित्र समोर आलं की पाहणाऱ्याला ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. तो 'वा' म्हणतो आणि पुढे सरकतो. तेच चित्र चौथ्यांदा दिसलं, मागच्या वेळी इथे नुसता तपकिरी डाग होता आणि आज तिथे पायऱ्या आहेत हे त्याच्या लक्षात आलं, की पुढे काय होणार याची तो वाट पाहू लागतो. किंमत विचारणारा माणूस बहुतेकदा या वाट पाहणाऱ्यांमधून निघतो.

तुमच्या मैत्रिणीची शंका रास्त आहे, पण ती पूर्ण झालेल्या चित्रांना लागू पडते. त्या पंधरांपैकी एकही चित्र उद्घाटनाआधी अख्खं दाखवू नका. त्यातल्या पाच-सहांचे तळहाताएवढे तुकडे दाखवले तर चालतील : देवळाच्या शिखराची कड, ओल्या पायरीवरचा उजेड. उरलेल्यांचा फोटोच टाकू नका. ज्या तिघांचा प्रवास दाखवाल, त्यांचंही शेवटचं रूप भिंतीसाठी राखून ठेवा. असं केलं की लोकांना चित्रांची ओढ लागलेली असते आणि तरी पूर्ण काम पाहायला त्यांना गॅलरीतच यावं लागतं.

तीन चित्रं निवडताना आकाराचा विचार करा. एक मोठं, एक मध्यम, एक लहान. मोठ्याकडे लोक थांबतात, लहान चित्र पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याच्या आवाक्यातलं असतं, आणि मध्यम ते, जे दिवाणखान्याच्या भिंतीवर खरोखर बसतं. सगळ्यात जास्त लक्ष मध्यम चित्रावर द्या. आणखी एक, निवडलेली चित्रं शक्य तितकी सुरुवातीच्या टप्प्यावरची असू द्या. झाकला गेलेला थर पुन्हा दाखवता येत नाही, म्हणून आज पोस्ट करायचं नसलं तरी ब्रश धुण्याआधी त्या दिवसाचा फोटो काढून ठेवा.

आता त्यातलं मध्यम चित्र धरून चालू. गोदाकाठाची मालिका आहे तर पुरातला दुतोंड्या मारुती त्यात असेल असं समजू, आकार ३० बाय ४० इंच. या एका चित्राच्या पाच पोस्ट पुरतात. प्रत्येक पोस्टमध्ये कामाचा एकच निर्णय सांगायचा. 'आज इतकं झालं' या मजकुराला उत्तर म्हणून अंगठ्याशिवाय काही येत नाही. 'इथे असं का केलं' हे सांगितलं की माणूस थांबून चित्राकडे दुसऱ्यांदा बघतो.

पहिली पोस्ट कच्च्या रेखाटनांची. एकाच कागदावर तीन छोट्या चौकटींतली रेखाटनं : पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला आणि छातीला. खाली मजकूर असा काहीसा : "गोदेला पूर किती, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. पाणी कमरेला ठेवलं तर मूर्ती ठसठशीत दिसते, छातीला नेलं तर पाणी मोठं वाटतं. मी छातीला नेतेय. तुम्ही पाहिलेल्या पुरात पाणी कुठवर होतं?" शेवटचा प्रश्न नीट पाहा. तो लोकांच्या आठवणीबद्दल आहे. २०१६ चा, २०१९ चा पूर पाहिलेली माणसं इथे लिहितील, कामानिमित्त मुंबई-पुण्याला किंवा परदेशी गेलेली नाशिकची माणसंही लिहितील. तुमच्या चित्राचे संभाव्य ग्राहक याच उत्तरांत असतात, म्हणून त्यांची नावं त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. 'तिघांपैकी कोणतं रंगवू?' असं मात्र कधी विचारू नका. कौल मागितला की निर्णय तुमच्या हातातून जातो, आणि ज्याचं मत हरलं त्याचा रस तिथेच संपतो.

दुसरी पोस्ट पहिल्या पातळ थराची. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅन्व्हासभर फिरवलेला, आणि उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढलेल्या. या टप्प्यावर चित्र एकाच तपकिरी रंगात असतं आणि ते फार देखणं दिसतं. चित्रकारांना ही पायरी रोजची, पण बाहेरच्या माणसाने ती क्वचितच पाहिलेली असते. मजकुरात एवढंच सांगा की रंग यायच्या आधी अंधार-उजेडाची जागा इथे ठरते, आणि मारुतीच्या मागचं पाणी गडद ठेवलंय ते मूर्ती पुढे यावी म्हणून.

तिसरी पोस्ट पाण्याच्या रंगाची, आणि इथे कॅन्व्हासपेक्षा पॅलेटचा जवळून काढलेला फोटो जास्त बोलतो. पुराचं पाणी नुसतं तपकिरी रंगवलं तर चिखलाची भिंत वाटते. यलो ऑकर, अंबर आणि पांढरा यांच्या मिश्रणावर, पाण्याचा पृष्ठभाग जिथे सपाट आहे तिथे ढगाळ आभाळाचा थंड करडा ठेवला की ते वाहू लागतं. करडा ठेवण्याआधीचा आणि नंतरचा असे एकाच जागेचे दोन फोटो एकामागे एक लावा. सरकवून पाहणाऱ्याला फरक आपोआप कळतो.

चौथी पोस्ट अडचणीची, आणि पाचांतली ही सर्वांत महत्त्वाची. मूर्तीचा शेंदरी रंग. कॅडमियम ऑरेंज ट्यूबमधून काढून तसाच लावला तर मारुती वर चिकटवल्यासारखा दिसतो, कारण भोवतालच्या मातकट रंगात तेवढाच एक रंग ओरडत असतो. सावलीच्या बाजूला त्यात बर्न्ट सिएना, आणि पाण्यालगतच्या पट्ट्यात पाण्याचाच मातकटपणा थोडा मिसळला की मूर्ती पाण्यात उभी राहते. आधीचा बिघडलेला फोटो दाखवायला संकोच करू नका. हजारो रुपये देणाऱ्याला हा माणूस नजर ठेवून काम करतोय याची खात्री हवी असते, आणि ती गोड मजकुरापेक्षा अशा एका दुरुस्तीतून जास्त मिळते.

पाचव्या पोस्टमध्ये फक्त पाण्याची रेषा. चार इंच बाय चार इंचांचा तुकडा, सुरीने ओढलेला फेस, रंगाचा जाड थर दिसेल असा तिरप्या उजेडातला फोटो. आणि खाली प्रदर्शनाच्या तारखा. यानंतर या चित्राचं काही दाखवायचं नाही.

या पाच पोस्ट चार-पाच आठवड्यांत पसरवा. मोठ्या आणि लहान चित्राच्या तीन-तीन पोस्ट त्यांच्या मध्ये येतील, म्हणजे आठवड्याला साधारण दोन पोस्ट. रोजचं किरकोळ काही, म्हणजे कॅन्व्हास ताणणं, फ्रेमवाल्याकडची फेरी, हे स्टोरीत जाऊ द्या. ते चोवीस तासांनी गेलं तरी बिघडत नाही. हातांचा वेगवान रील एखाद-दुसरा पुरे. तो अनोळखी लोकांपर्यंत पोचतो खरा, पण पाहणाऱ्याच्या लक्षात हाताचा वेग राहतो आणि चित्र राहत नाही. शिवाय बहुतेक रीलचा शेवट पूर्ण चित्राने होतो, आणि तेच तर आपल्याला राखायचं आहे.

पोस्ट नेहमी कामाच्या आठ-दहा दिवस मागे ठेवा. ही शिस्त मोडली की दोन गोष्टी बिघडतात. एक तर 'उजवीकडे एक होडी हवी होती' अशा सूचना तुम्ही ईझलसमोर असतानाच येतात आणि हात अडखळतो. दुसरं म्हणजे मधलाच एखादा टप्पा कुणाला इतका आवडतो की तो 'आता हात लावू नका, हेच घेतो' म्हणतो. आठ दिवसांचं अंतर असलं की तो थर तोवर झाकला गेलेला असतो, आणि तसं सरळ सांगता येतं. तरीही जो टप्पा पूर्ण चित्रासारखा भासतो, तो टाळाच. नाहीतर गॅलरीत तोच माणूस म्हणेल की आधीचं बरं होतं.

फोटोबद्दल थोडं सविस्तर, कारण शेंदरी आणि ओला तैलरंग या दोन्ही गोष्टी मोबाइलला जड जातात. ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ ईझल ठेवा आणि खोलीतली ट्यूब बंद करा. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की पांढऱ्यावर हिरवट-पिवळी झाक येते आणि नंतर ती नीट काढता येत नाही. ओल्या रंगावर चकाकी येत असेल तर कॅन्व्हासची वरची कड थोडी पुढे झुकवा, म्हणजे वरून येणारा उजेड कॅमेऱ्यात परावर्तित होत नाही. मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि जवळ जाण्याऐवजी दोन-तीन पावलं मागे येऊन दुप्पट झूमने काढा. अगदी जवळून काढला तर चौकटीच्या कडा फुगलेल्या दिसतात. ईझलच्या पायांच्या आणि तुमच्या उभं राहण्याच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवली तर सगळे टप्पे एकाच चौकटीत येतात आणि एकामागून एक सरकवताना चित्र उड्या मारत नाही.

गडद शेंदरी, केशरी रंग मोबाइल बहुधा भडक दाखवतो. त्यातल्या छटा जाऊन एकसलग पट्टा दिसू लागला तर उजेड किंचित कमी करा. चित्राच्या कडेला एक पांढरा कागद टेकवून फोटो काढा आणि नंतर तो कागद पांढराच दिसेल एवढीच दुरुस्ती करा, मग कागद कापून टाका. फिल्टर अजिबात नको. रंग पाहून कुणी आगाऊ रक्कम दिली आणि भिंतीवर वेगळाच रंग निघाला, तर तो माणूस पुन्हा येत नाही. आणखी एक अडचण अंबरची : वाळल्यावर तो भाग मळकट, निस्तेज होतो आणि फोटोत राखेसारखा येतो. तो दिसला तर चित्र बिघडलं असं नाही, तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. तो भाग वाळलेला असेल तर त्यावर रिटच व्हार्निशचा पातळ हात दिला की खोली परत येते, मग फोटो काढा.

आकार हा फोटोतला सगळ्यात मोठा घोटाळा. मोबाइलवर ३० बाय ४० आणि १२ बाय १६ एकसारखेच दिसतात. प्रत्येक चित्राच्या निदान एका फोटोत माणूस, खुर्ची किंवा तुमचा हात असू द्या, आणि मजकुरात इंचांबरोबर फूटही लिहा : "३० बाय ४० इंच, म्हणजे अडीच फूट बाय सव्वातीन फुटांहून थोडं जास्त". पोस्ट करण्याआधी पार्श्वभूमीही तपासा. मागे भिंतीला टेकवलेली पूर्ण चित्रं दिसत नाहीत ना? ईझलला दुसऱ्या कुणी काढलेला संदर्भ-फोटो लावलेला असेल तर तोही दिसतो, आणि त्या छायाचित्रकाराची परवानगी नसेल तर तक्रार थेट तुमच्या दाराशी येते.

आता पैशांचं. 'किमतीसाठी मेसेज करा' लिहिल्यावर बरेच लोक मेसेज करत नाहीत. आकडा आपल्या ऐपतीबाहेरचा निघाला तर काय बोलायचं, या संकोचाने. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पोस्टमध्ये किमान आकडा लिहू लागा. समजा मोठ्या आणि मध्यम चित्रांचा तुमचा दर चौरस इंचाला ४० रुपये आहे. मग ३० बाय ४० चं चित्र १,२०० चौरस इंच, म्हणजे ४८,००० रुपये. लहान चित्रांना तोच दर लावला तर फ्रेम आणि मेहनतही सुटत नाही, म्हणून त्यांचा दर चढा ठेवतात. ६० धरला तर १२ बाय १६ चं चित्र ११,५२० होतं, ते साडेअकरा हजार करा. पोस्टमध्ये लिहा : "या मालिकेतली चित्रं साडेअकरा हजारांपासून पुढे". एवढ्यानेही विचारणाऱ्यांची भीड चेपते. गॅलरीतल्या यादीत आणि तुमच्या मेसेजमध्ये आकडा एकच हवा. आधी घेणाऱ्याला सूट द्यायची असेल तर किंमत न उतरवता पोचवण्याचा खर्च तुम्ही करा. उतरलेली किंमत एकमेकांना कळते, आणि मग पूर्ण किंमत दिलेला दुखावतो.

लाईक करणाऱ्यांना आपल्या यादीत आणणं हे या सगळ्या खटाटोपाचं खरं काम. पाचव्या आठवड्यात एक साधी पोस्ट टाका : "सगळ्या चित्रांची किंमत-यादी उद्घाटनाच्या दहा दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार आहे. हवी असेल तर नाव कळवा." ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्टची एक मेख आहे : ज्याने तुमचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे नाव देणाऱ्याला लगेच एक वैयक्तिक मेसेज करा आणि नंबर सेव्ह करायला सांगा. यादीत प्रत्येक चित्राचं नाव, आकार, माध्यम, फ्रेमसह की फ्रेमशिवाय आणि किंमत एवढंच. पूर्ण चित्रांचे फोटो या यादीतही नकोत. ज्याने विशिष्ट चित्राबद्दल विचारलं, त्याला त्याच चित्राचा पूर्ण फोटो वेगळा पाठवा, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून बारीक करत नाही.

कुणी आधीच घ्यायचं ठरवलं तर चित्र राखून ठेवायचे नियम आधीच लिहून ठेवलेले असावेत. उदाहरणार्थ, तोंडी सांगितलं तर ४८ तास राखीव, एक चतुर्थांश रक्कम आली तर पक्कं, उरलेली रक्कम चित्र नेताना. चित्र प्रदर्शन संपेपर्यंत लाल टिकलीसह भिंतीवरच राहील, हे पैसे घेण्याआधी सांगा. जहांगीरचं प्रदर्शन साधारणपणे मंगळवार ते पुढचा सोमवार असतं. मंगळवारी पैसे देऊन त्याच संध्याकाळी चित्र घरी न्यायचा आग्रह धरणारे भेटतात. आगाऊ विक्रीबद्दल आणि गॅलरीच्या हिश्श्याबद्दल तुमच्या करारात काय आहे, हे पहिली रक्कम स्वीकारण्याआधी वाचा.

परदेशातून मागणी आली तर चित्र स्ट्रेचरवरून काढून जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं लागतं, आणि त्यासाठी रंग आतपर्यंत वाळलेला हवा. सुरीने लावलेला फेस दोन महिन्यांत तसा वाळत नाही. अशा ग्राहकाला पोचवण्याची तारीख सरळ काही महिन्यांनंतरची द्या.

याच कारणाने रंगकामाची शेवटची तारीखही आत्ताच ठरवा. अंबर लवकर वाळतो, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात, म्हणजे तुमचा शेंदरी मारुती सगळ्यात शेवटी वाळणार. टेम्पोत चित्रं चढण्याच्या निदान तीन आठवडे आधी जाड रंग थांबवा. अंतिम व्हार्निश साधारण सहा महिने उलटल्यावरच. घेणाऱ्याला तसं सांगा आणि तेव्हा व्हार्निश मी स्वतः करून देईन असं बिलावर लिहून द्या.

शेवटचे दोन आठवडे रंगाचे नाहीत, जागेचे. फ्रेमच्या मागच्या बाजू, बबल रॅप, कोणतं चित्र कोणत्या भिंतीवर याचा कागदावरचा आराखडा, इतकंच दाखवा. मुंबईला जायच्या आधीच्या रविवारी घरी किंवा स्टुडिओत नाशिकच्या लोकांसाठी तीन तास ठेवा आणि वहीतल्या नाशिककरांना नावानिशी फोन करा. पोस्ट पाहून येणारे थोडे, फोन केल्यावर येणारे जास्त. ते पाहून गेले तरी मुंबईची गर्दी कमी होणार नाही, कारण त्यातले बहुतेक मुंबईला येणारच नव्हते.

मालिका चालतेय की नाही हे लाईकवरून मोजू नका. आकार कोणी विचारला, हे चित्र नेमकं कुठून दिसतं हे कोणी विचारलं, पोस्ट कोणी सेव्ह केली किंवा कुणाला पाठवली, एकाच चित्रावर दुसऱ्यांदा कोण बोललं, हे पाहा. पोस्ट सेव्ह करणाऱ्यांचा आणि पुढे पाठवणाऱ्यांचा फक्त आकडा दिसतो, नावं दिसत नाहीत. बाकीच्यांची नावं मात्र वहीत जातात, चित्राच्या नावाखाली. चौथ्या आठवड्यापर्यंत तिन्ही चित्रांखाली मिळून एकही असं नाव नसेल तर पोस्टची संख्या वाढवू नका, मजकूर तपासा : बहुधा त्यात निर्णय नसतो, नुसती वर्णनं असतात, किंवा आकार आणि किंमत कुठेच लिहिलेली नसते.

मंगळवारी सकाळी, दारं उघडण्याआधी, टांगलेल्या भिंतीचे फोटो काढून घ्या. दुतोंड्या मारुतीचं पूर्ण चित्र त्या दिवशी पहिल्यांदा पोस्ट करा, भिंतीवर, शेजारी उभ्या माणसासह. मध्यम चित्राची पोस्ट मंगळवारी, मोठ्याची गुरुवारी टाका, म्हणजे शनिवार-रविवारी यायचं ठरवणाऱ्यांना ती वेळेत दिसते. सोमवारी उतरवाउतरव झाली की उरलेल्या चित्रांची यादी त्याच ब्रॉडकास्टवर एकदाच पाठवा, त्याच किमतींसह, आणि ज्यांनी गॅलरीत एखाद्या चित्रासमोर वेळ घालवला पण ठरवलं नाही, त्यांना पुढच्या आठवड्यात त्या एका चित्राबद्दल वेगळा फोन करा.